ओळख बरोबर, धक्का चुकीचा: कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सॉर्टिंग लाइनवर पुशर चुकतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "मॉडेल बिघडलंय, पुन्हा ट्रेन करावं लागेल." लाइनपाशी जाऊन पाहिलं की स्क्रीनवर वस्तूचं नाव बरोबर उमटत असतं, वस्तूला बेल्टवरून पेटीत ढकलणारा हवेवरचा पुशरही उडत असतो, फक्त माल भलत्याच पेटीत पडत असतो. हा दोष इतक्या वेळा दुरुस्त केलाय, की आता मॉडेलकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. कॅमेऱ्याने बघितल्यापासून पुशरची प्लेट वस्तूला लागेपर्यंतच्या वेळात कुठेतरी घोळ असतो, आणि तो शोधायला नवे फोटो गोळा करावे लागत नाहीत.

लक्षणं

- धक्का वस्तूच्या कडेला बसतो. वस्तू गरकन फिरते आणि बेल्टवरच राहते, किंवा पेटीच्या काठावर अडकते.
- धक्का दर वेळी तेवढाच आधी किंवा तेवढाच उशिरा बसतो.
- बहुतेक वस्तू नीट जातात, पण मधूनच एखादी सुटते आणि तिच्या मागची ढकलली जाते. हे लक्षण सगळ्यात फसवं, कारण पेटीत बघणाऱ्याला ओळखच चुकली असं वाटतं.
- काम सुरू करताना सगळं ठीक असतं, माल वाढला किंवा काही तास गेले की घसरतं.
- लाइन थोडा वेळ थांबवून परत सुरू केली की पहिला धक्का मंद असतो.
- एका क्षणापासून पुढचा सगळा माल एका घराने सरकतो. प्रोग्राम बंद करून चालू केला की ठीक होतं.

पुढचं सगळं एकाच लाइनच्या आकड्यांवर सांगतो, म्हणजे हिशोब डोळ्यांसमोर राहील. बेल्टचा वेग ४०० मिमी प्रति सेकंद. कॅमेऱ्याखालच्या ठरवलेल्या रेषेपासून पुशरच्या मध्यापर्यंत ८०० मिमी. वस्तू साधारण ६० मिमी लांब, प्लेट ५० मिमी रुंद, दोन वस्तूंच्या मध्यांमध्ये २५० मिमी. म्हणजे वस्तू रेषेपासून पुशरपर्यंत २००० मिलिसेकंदांत पोहोचते. पुशरला हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला हुकूम दिल्यापासून प्लेट वस्तूला टेकेपर्यंत ९० मिलिसेकंद जातात, त्यामुळे हुकूम १९१० व्या मिलिसेकंदाला सुटायला हवा.

आता चूक किती चालते ते बघा. प्लेटचा मध्य वस्तूच्या मध्यापासून २० मिमीपर्यंत सरकला तरी अशी वस्तू सरळ ढकलली जाते, त्यापुढे ती फिरायला लागते. २० मिमी म्हणजे या वेगाला ५० मिलिसेकंद. आधी ५० आणि नंतर ५०, एवढीच आपली शिल्लक. खाली जे जे सापडेल ते या शिल्लकीतून वजा करत चला. तुमच्या लाइनचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

पहिली तपासणी: ओळख चुकतेय की वेळ?

याला खर्च काहीच नाही. प्रत्येक निर्णयाच्या वेळी फोटो, त्यावर मॉडेलने दिलेलं नाव आणि क्रमांक असं डिस्कवर साठवा. शंभरेक वस्तू जाऊ द्या आणि फोटो चाळा. नावं बरोबर असतील तर मॉडेल निर्दोष आहे, पुढे वाचा. नावंच चुकत असतील तर आधी प्रकाश आणि कॅमेऱ्याची काच बघा. फोटो पुसट दिसत असतील तर एक्स्पोजर बघा: १० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये आपली वस्तू ४ मिमी सरकते, आणि बारीक खुणांवर ओळखायचं असेल तर तेवढं पुरेसं वाईट आहे. बेल्ट थांबवून ओळख तपासू नका. थांबलेल्या वस्तूचा फोटो नेहमीच देखणा येतो, आणि "मॉडेल ठीक आहे" असा खोटा निर्वाळा मिळतो.

फोटो साठवण्याचं काम तपासणी झाल्यावर बंद करा किंवा वेगळ्या थ्रेडवर टाका. डिस्कवर लिहिण्यातच कधीकधी निर्णय रखडतो. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी: धक्का कुठे लागतो ते बघा

मोबाइलवर स्लो मोशन लावा आणि पुशर वरून चित्रित करा. २४० फ्रेम प्रति सेकंदाला एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. चौकटीत व्हॉल्व्हच्या कनेक्टरवरचा छोटा दिवा दिसेल असं बघा, म्हणजे हुकूम कधी पोहोचला तेही कळतं. एकेका फ्रेमने पुढे जात दोन गोष्टी लिहा: दिवा लागल्यापासून प्लेट टेकेपर्यंत किती फ्रेम गेल्या, आणि प्लेट वस्तूच्या पुढच्या अर्ध्या भागाला लागली की मागच्या.

पुढच्या भागाला लागली तर धक्का लवकर बसला, वस्तू अजून पुरती आलीच नव्हती. मागच्या भागाला लागली किंवा मागचीच वस्तू उडाली तर धक्का उशिरा बसला. एवढ्यावरून निम्मं निदान होतं. लवकरचं कारण सहसा बेल्टमध्ये असतं, कारण वस्तू ठरल्यापेक्षा सावकाश येते. उशिराचं कारण हवेत किंवा प्रोग्राममध्ये असतं. चूक दर वेळी सारखीच असेल तर अंतर किंवा आकडा चुकीचा भरलाय. टेपने ८०० मिमी परत मोजा, आकडा सुधारा आणि चहा प्या. कुणीतरी कॅमेरा पुसताना त्याचा ब्रॅकेट सरकवलेला असतो, हे निम्म्या वेळा निघतं. चूक विखुरलेली असेल तर पुढे चला.

तिसरी: बेल्ट खरंच त्या वेगाने चालतोय का?

ड्राइव्हच्या पाटीवरचा किंवा स्क्रीनवरचा वेग मोटरचा असतो, बेल्टचा नव्हे. बेल्टवर खडूने रेघ मारा आणि दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. आधी रिकाम्या बेल्टवर, मग पूर्ण माल असताना.

आपल्या लाइनचा बेल्ट एका फेरीला ३ मीटर आहे असं धरा. दहा फेऱ्या म्हणजे ३० मीटर, ४०० मिमीच्या वेगाला ७५ सेकंद. रिकामा असताना ७५ आले आणि माल असताना ७८. तीनच सेकंदांचा फरक, वरवर बघणाऱ्याला काहीच वाटणार नाही. पण खरा वेग आता ३८५ मिमीच्या आसपास आहे आणि वस्तूला पुशरपर्यंत पोहोचायला २०८० मिलिसेकंद लागतात. पुशर ८० मिलिसेकंद आधी उडतो, प्लेट सुमारे ३१ मिमी पुढे लागते. शिल्लक होती २० मिमीची, म्हणजे एवढ्यानेच लाइन आजारी. "रिकामं असताना चाललं, माल वाढला की बिघडलं" या लक्षणाचं हे नेहमीचं उत्तर.

उपाय सोपे आहेत. ड्राइव्ह रोलरवरची धूळ आणि तेल पुसा, ताण बघा. बेल्ट घसरत असेल तर रोलरच्या बाजूने चीं चीं असा आवाजही येतो. मात्र ताण मर्यादेपलीकडे वाढवू नका. बेअरिंग जातात, आणि ती दुरुस्ती या दोषापेक्षा महाग पडते.

चौथी: हवा

प्रेशर गेज बघून "सहा बार आहे, ठीक आहे" म्हणणारे खूप भेटतात. थांबलेल्या लाइनवर गेज नेहमीच ठीक असतो. पुशर उडत असताना काट्याकडे बघा. धक्क्याच्या क्षणी काटा सहावरून चारपर्यंत खाली जाऊन सावकाश वर येत असेल, तर पुशरच्या सिलिंडरला हवा पुरत नाहीये. एकाच नळीवर तीन पुशर असतील आणि तिघे जवळजवळ एकदम उडत असतील तर हेच होतं, आणि तेही मधूनच, म्हणून ते दोन दोन दिवस सापडत नाही.

मघाच्या व्हिडिओतल्या फ्रेम इथे कामाला येतात. आपल्या ९० मिलिसेकंदांच्या म्हणजे साधारण २२ फ्रेम होतात. वीस धक्के मोजा. सगळे २१ ते २३ च्या दरम्यान असतील तर हवा निर्दोष, पुढच्या तपासणीकडे जा. काही २२ आणि काही ३५ असतील तर दोष इथेच आहे. तेव्हा क्रमाने बघा: फिल्टरच्या वाटीत पाणी साचलंय का, नळी कुठे दुमडली आहे का, व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवरचा सायलेन्सर तेलकट धुळीने बुजलाय का. सायलेन्सर बुजला की दुसऱ्या बाजूची हवा बाहेर पडत नाही आणि पिस्टन स्वतःच्याच हवेला ढकलत बसतो. तो बदलणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त काम. सिलिंडरवरचे फ्लो कंट्रोल स्क्रू कुणी "धक्का जरा हळू हवा" म्हणून आवळलेत का, तेही विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पहिलाच धक्का मंद असेल तर बहुधा थांबलेल्या वेळात व्हॉल्व्हचा स्पूल किंवा सिलिंडरचे सील चिकटून बसलेत. लाइन सुरू करताना रिकाम्या बेल्टवर दोनतीन धक्के मारून घ्यायची सोय प्रोग्राममध्ये ठेवा. त्याने जमलं नाही तर सील बदलण्याची वेळ आली आहे.

आणि हे नीट वाचा: नळी, सायलेन्सर किंवा फिटिंग काढण्याआधी हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळीत साठलेली हवा सोडा आणि गेज शून्यावर आलाय हे बघा. वीज बंद केली म्हणजे सिलिंडर मेला असं नाही. कोंडलेल्या हवेवर तो एकदा तरी जोरात उडतो, आणि बोटं मध्ये असतील तर त्याला कळत नाही.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट बघण्यासारखी आहे. व्हॉल्व्हच्या कॉइलवर साधा डायोड लावला असेल तर कॉइलमधला प्रवाह हळूहळू विरतो आणि व्हॉल्व्ह सुटायला वेळ लागतो. धक्का वेळेवर बसतो, पण प्लेट मागे यायला उशीर होतो आणि पुढची वस्तू तिच्यावर येऊन आपटते. आपल्या पुशरला बाहेर जाऊन परत यायला ३५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात बेल्ट १४० मिमी सरकतो. वस्तूची आणि प्लेटची निम्मी निम्मी लांबी धरली तर दोन वस्तूंच्या मध्यांमध्ये किमान १९५ मिमी हवेत. २५० आहेत म्हणून चालतंय. कुणी हाताने माल टाकताना दाटी केली तर कोणतीच दुरुस्ती उपयोगाची नाही, तिथे मालाचं अंतरच सुधारावं लागतं.

पाचवी: प्रोग्राम वेळ कधीपासून मोजतो?

इथे थोडं थांबतो, कारण मधूनच चुकणाऱ्या लाइनचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय. बहुतेक लाइनवर पहिला प्रोग्राम असा लिहिलेला असतो:

```python
ok, frame = cap.read()
label = classify(frame)
time.sleep(1.850)
fire()
```

१९१० ऐवजी १८५० का? कारण मॉडेलला निर्णय द्यायला नेहमी ६० मिलिसेकंद लागतात, आणि लिहिणाऱ्याने धक्का नीट बसेपर्यंत आकडा कमी करत आणला. ६० चे ६० राहतात तोवर हे छान चालतं. पण संगणक तापला, डिस्कवर फोटो लिहायला लागला, मागे अपडेट सुरू झाला, की तोच निर्णय १५० मिलिसेकंदांनी येतो. धक्का ९० मिलिसेकंद उशिरा, प्लेट ३६ मिमी मागे, वस्तू गरकन फिरते. एखाद्या वेळी निर्णयाला ७०० लागतात. तेव्हा उशीर ६४० मिलिसेकंदांचा, म्हणजे बेल्टवर २५६ मिमी. दोन वस्तूंमधलं अंतर आठवतं ना? २५० मिमी. मागची वस्तू अगदी मध्यावर, सुबक ढकलली जाते. फिरणं नाही, अडखळणं नाही. बघणारा शपथेवर सांगेल की कॅमेऱ्याने चुकीची वस्तू ओळखली.

शिवाय `sleep` चालू असताना प्रोग्राम दुसरं काहीच बघत नाही. त्या जवळजवळ दोन सेकंदांत पुढच्या वस्तू कॅमेऱ्याखालून निघून जातात.

दुरुस्ती अशी की वेळ निर्णयापासून नव्हे, फोटोपासून मोजायची, आणि धक्का मारायचं काम वेगळ्या थ्रेडकडे द्यायचं:

```python
ok, frame = cap.read()
t0 = time.monotonic()
label, x_mm = classify(frame)
jobs.put((t0 + 1.910 + x_mm / 400, label))
```

आता निर्णय ६० ला येवो की ७०० ला, १९१० च्या आत आला की धक्का ठरल्या क्षणीच बसतो. मॉडेल वेगवान करण्याची गरज नव्हती, घड्याळ कधी सुरू करायचं एवढाच प्रश्न होता. `time.time()` वापरू नका. संगणक आपलं घड्याळ इंटरनेटवरून जुळवतो तेव्हा ते उडी मारू शकतं. `monotonic` उडी मारत नाही.

`x_mm` म्हणजे फोटोच्या क्षणी वस्तूचा मध्य ठरलेल्या रेषेपासून किती मिमी अलीकडे आहे. पलीकडे गेला असेल तर उणे. हे का हवं? कॅमेरा ३० फ्रेम प्रति सेकंदाने चालत असेल तर दोन फोटोंमध्ये ३३ मिलिसेकंद जातात आणि वस्तू १३ मिमी सरकते. "वस्तू पहिल्यांदा दिसली ती वेळ" धरली तर २० मिमीच्या शिल्लकीतले १३ इथेच उडाले. वस्तू फोटोत कुठे आहे हे आपल्याला दिसतंच आहे, तर ते वापरा. एकच वस्तू लागोपाठच्या फोटोंत दोनदा नोंदली जात नाही ना, तेही बघून घ्या, नाहीतर पुशर दोनदा उडेल.

एक सापळा राहतो. `cap.read()` ने दिलेला फोटो आत्ताचाच असतो असं नाही. कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांनी फोटो देतोय आणि प्रोग्राम ६० मिलिसेकंदांनी एक उचलतोय, तर मधले फोटो बफरमध्ये रांग लावतात. रांगेत चार फोटो असतील तर हातात येणारा सुमारे १३० मिलिसेकंद शिळा, म्हणजे ५३ मिमीची चूक. तपासायला संगणकाच्या स्क्रीनवर मिलिसेकंद दाखवणारं घड्याळ लावा, कॅमेरा त्यावर रोखा, आणि फोटो हातात येताच प्रोग्रामची त्या क्षणाची वेळ छापा. फोटोत दिसणारी वेळ आणि छापलेली वेळ यांतला फरक स्थिर असेल, समजा ८० मिलिसेकंद, तर तो १९१० मधून वजा करून टाका. त्यातला थोडा स्क्रीनचा असतो, तो शेवटी व्हिडिओ बघून जुळवता येतो. फरक वाढत जात असेल तर बफर भरतोय. ओपनसीव्हीमध्ये `CAP_PROP_BUFFERSIZE` आहे, पण प्रत्येक ड्रायव्हर ते मानत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे एक थ्रेड सतत फोटो वाचत राहील आणि फक्त शेवटचा ठेवेल. `t0` ची नोंदही त्यानेच त्या फोटोसोबत ठेवायची.

प्रकाश कमी झाला की ऑटो एक्स्पोजरवरचे साधे कॅमेरे स्वतःहून एक्स्पोजर वाढवतात आणि फ्रेमचा वेग उतरतो. संध्याकाळीच बिघडणाऱ्या लाइनवर हे आधी बघा. एक्स्पोजर हाताने ठरवून बांधून टाका, कमी पडेल तो प्रकाश दिव्याने द्या.

सहावी: सगळंच एका घराने सरकलं

हा दोष वेळेचा नसतो, रांगेचा असतो. काही लाइनवर पुशरपाशी फोटो सेन्सर असतो आणि प्रोग्राम म्हणतो: सेन्सरसमोर आलेली पुढची वस्तू म्हणजे रांगेतलं पहिलं नाव. मधेच कुणी एक वस्तू हाताने उचलली किंवा ती खाली पडली, की तिचं नाव रांगेत राहतं आणि ते पुढच्या वस्तूला चिकटतं. तिथून पुढे सगळे एकमेकांची नावं घेऊन फिरतात.

प्रत्येक नावाला मुदत द्या. सेन्सरने वस्तू पाहिली ती वेळ अपेक्षित वेळेच्या ५० मिलिसेकंद आतबाहेर असेल तरच ते नाव तिचं. मुदत गेलेलं नाव फेकून द्या. जिला कोणतंच नाव जुळत नाही अशी वस्तू ढकलू नका, सरळ टोकापर्यंत जाऊ द्या आणि पुन्हा बेल्टवर टाका. न ढकललेली वस्तू परत येते, चुकीच्या पेटीतली शोधावी लागते.

सातवी: एन्कोडर

बेल्ट स्वच्छ, ताण ठीक, तरी मालाप्रमाणे वेग बदलतोच, किंवा लाइन वारंवार थांबते आणि सुरू होते, तर मिलिसेकंदांचा हिशोबच सोडा. बेल्टवर टेकून फिरणारं चाक आणि त्यावर एन्कोडर बसवा, आणि १९१० मिलिसेकंदांऐवजी अंतराचे पल्स मोजा. बेल्ट थांबला तर मोजणीही थांबते. चाक बेल्टवरच टेकवा. मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर लावला तर घसरण त्याला दिसणारच नाही. व्हॉल्व्हचे ९० मिलिसेकंद मात्र वेळेतच राहतात, ते त्या क्षणीच्या वेगाने अंतरात बदलून वजा करावे लागतात. सोबत फोटो सेन्सरने कॅमेऱ्याला थेट ट्रिगर दिला तर पाचव्या तपासणीतली बरीच कटकट संपते, पण त्यासाठी ट्रिगर घेणारा कॅमेरा लागतो.

कुठे थांबायचं

इमर्जन्सी स्टॉप, गार्डचे स्विच किंवा सेफ्टी रिले यांच्यापैकी कशालाही वळसा घालून तपासणी करावी लागतेय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि मशीन बसवणाऱ्याला किंवा सेफ्टीचं काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. मोटर ड्राइव्हचं झाकण आपण उघडायचं नाही. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब काही मिनिटं राहतो, ते इलेक्ट्रिशियनचं काम. कॉम्प्रेसरची टाकी आणि तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हात लावू नका, आणि दाब वाढवून दोष झाकायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. सिलिंडर आणि नळ्यांवर लिहिलेली मर्यादा शोभेसाठी नसते.

नवा सायलेन्सर, कोरडा फिल्टर, सरळ नळी, आणि तरीही एकाच पुशरच्या फ्रेम २२ आणि ३५ च्या दरम्यान नाचत असतील तर व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर आतून गळतोय. शेजारच्या चांगल्या पुशरचा व्हॉल्व्ह अदलाबदल करून बघता आला तर बघा. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह बदला, जागेवरच राहिला तर न्यूमॅटिक्सवाल्याला बोलवा. तो येईल तेव्हा त्याच्या हातात स्लो मोशनचा व्हिडिओ, वीस धक्क्यांच्या फ्रेमची यादी आणि धक्क्याच्या क्षणी गेजचा काटा किती खाली जातो तो आकडा द्या.